पेनानं गोल मारा आणि उद्या बघा

नमस्कार श्रोतेहो. आज अंगावर उठणाऱ्या गोल चट्ट्यांबद्दल बोलायचंय. मी बेळगावात त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडनं पेशंट येतात आणि अंगावर काहीही लाल दिसलं की घरात पहिला शब्द निघतो तो "पित्त उठलंय". मग आमसुलाचं पाणी लावायचं, मेडिकलमधनं पित्ताची गोळी आणायची. दहातल्या बऱ्याच वेळा ते पित्तच असतंय, तेव्हा चुकीचं काहीच नाही. पण एक आजार असा आहे जो पित्तासारखा दिसतो आणि पित्त नसतो, त्याचं नाव एरिथेमा मल्टिफॉर्म.

खानापूर भागातली एक ताई, वय सव्वीस-सत्तावीस, भात लावणीच्या दिवसांत सासूबाईंना घेऊन आली. दोन्ही हातांच्या मागच्या बाजूला, तळव्यांवर, कोपरांवर आणि थोडे गुडघ्यांवर गोल गोल चट्टे. सासूबाई म्हणाल्या, "पित्तच हाय की ओ डॉक्टर, चार दिस गोळी दिली, आमसूल लावलं, पण उतरंना झालंय." ते "उतरंना" ऐकलं आणि माझे कान टवकारले, कारण पित्त उतरतंच.

हात खिडकीपाशी धरून बघितला. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, फायरिंगचा टार्गेट बोर्ड कसा असतो ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. तसाच एकेक चट्टा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा. मधोमध काळपट जांभळा ठिपका, एकदोन ठिकाणी त्यावर बारीक फोड, त्याच्याभोवती जरा फिकट सुजलेलं कडं आणि सगळ्यात बाहेर लाल कडं. असे तीन भाग स्पष्ट दिसले की डॉक्टर त्याला टार्गेट लीजन म्हणतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाल रंग नीट दिसत नाही, तो तपकिरी-जांभळा वाटतो, म्हणून उजेडात बघावं लागतंय.

पित्ताची गांधी पण गोल असते, कधी कधी कडं करून पसरते, मग फरक कसा करायचा? गांधीच्या मधली कातडी एकतर नेहमीसारखी असते नाहीतर फिकट सुजलेली. ती मेलेली, काळवंडलेली नसते, तिच्यावर फोड येत नाही, खपली धरत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते, ती म्हणजे वेळ.

पित्तात काय होतं बघा. कातडीतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात, त्यानं बारीक रक्तवाहिन्यांतनं पाणी झिरपतं आणि कातडी फुगते. कातडीला इजा अशी झालेलीच नसते, नुसतं पाणी साठलेलं असतंय, ते काही तासांत शोषलं जातं. म्हणून एकेक गांधी चोवीस तासांच्या आत जाते, भले तोवर दुसरीकडं नवीन उठलेली असेल. सकाळी मांडीवर, दुपारी पाठीवर, रात्री पोटावर, असा तिचा प्रवास चालू असतो. एरिथेमा मल्टिफॉर्ममध्ये मात्र आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशी कातडीच्या वरच्या थरावर हल्ला करतात, तिथल्या पेशी खरोखर मरतात, आणि मेलेली कातडी भरून यायला वेळ लागणारच. चट्टा उठला की त्याच जागी निदान आठवडाभर बसून राहतो, सगळं जायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि काळा डाग तर पुढं काही महिने राहतो. पित्ताच्या गोळीनं तो पुसला जात नाही, कारण ती गोळी हिस्टामिन अडवते आणि इथं मूळ भांडण हिस्टामिनचं नाहीच.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, घरात साधा बॉलपेन असतोच, एका चट्ट्याच्या कडेकडेनं गोल मारा, शेजारी वेळ लिहा, मोबाइलवर फोटो काढा आणि उद्या त्याच वेळेला बघा. गोल रिकामा झाला तर पित्त असण्याची शक्यता जास्त, चट्टा तिथंच असेल तर त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. लहान मुलांत तर हे फार उपयोगी पडतंय, कारण तापानंतर छोट्या पोरांना पित्ताचीच मोठी मोठी कडी उठतात, मध्ये जांभळट झाक असते, हातपाय सुजतात, आणि बघणारा डॉक्टरसुद्धा फसू शकतो. पण दुसऱ्या दिवशी ती कडी जागा बदलतात.

आता ताईकडं परत येतो. मी विचारलं, ओठावर काही आलं होतं का? ती म्हणाली, नऊ-दहा दिवसांपूर्वी ताप आला होता आणि ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड आले होते. आपल्याकडं कोणी त्याला कोळी मुतला म्हणतात, कोणी अंगातला ताप बाहेर पडला म्हणतात. खरं तर तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा व्हायरस आणि एरिथेमा मल्टिफॉर्मचं सगळ्यात कॉमन कारण तोच आहे. ओठाचे फोड सुकत येतात आणि मग हातावर टार्गेट उठतात, त्यामुळं दोन्हीचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. मुलांत आणि तरुणांत मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या न्यूमोनियानंतरही असं होतं.

तिच्या जुन्या चिठ्ठीवर कुणीतरी लिहिलं होतं, पॅरासिटामॉलची अ‍ॅलर्जी. कारण वर्षातला हा तिसरा प्रकार होता आणि आधीच्या दोन्ही वेळी तापाला ती गोळी घेतलेली. मी खोदून विचारलं तर कळलं, पाळीच्या दुखण्याला तिनं मधल्या काळात तीच गोळी कितीदा तरी घेतली होती, काही झालं नाही, आणि या वेळी गोळी घेतलीच नव्हती तरी चट्टे आले. तिन्ही वेळा आधी होते ते ओठावरचे फोड. औषधानं एरिथेमा मल्टिफॉर्म होतो, पण संसर्गाच्या मानानं फार कमी.

मात्र औषधाच्या बाबतीत एक वेगळा आणि धोक्याचा आजार आहे, त्यातही गोल चट्टे येतात म्हणून आज सांगितलंच पाहिजे. स्टीव्हन्स जॉन्सन सिंड्रोम. फिट्सची कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, यातलं काही नवीन सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत हे दिसतं. चट्टे हातापायापेक्षा छाती-पाठीवर जास्त, सपाट, कडी नीट न उमटलेली, कातडी खाजण्यापेक्षा दुखते, तोंड सोलतं, डोळे लाल होतात, लघवीला आग होते, कातडी फोडासारखी सुटते. हे दिसलं तर डॉक्टरला लगेच फोन करून संशयित औषध थांबवा आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घेऊन त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, रात्र असली तरी. आणि पित्तात ओठ-जीभ सुजली, श्वास अडकायला लागला, आवाज घोगरा झाला, तर तीही तशीच इमर्जन्सी, पेनाचा गोल मारत बसू नका.

ताईचं तोंड, डोळे ठीक होते. त्या वेळी लावायला स्टेरॉइडचं मलम दिलं, आणखी फारसं काही लागलं नाही, कारण चट्टे उठल्यावर व्हायरसचं औषध देऊन त्या वेळचा त्रास काही कमी होत नाही. पण परत परत येत होतं म्हणून नंतर अ‍ॅसायक्लोव्हिर 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने सुरू केलं. हे स्वतःहून घ्यायचं नाही हं, किडनीचा त्रास असेल तर डोस बदलावा लागतो. चट्टे अठरा-वीस दिवसांत बसले. सहा महिन्यांत ओठावर एकदाच बारीकसे फोड आले, हात स्वच्छ राहिले. आणि चिठ्ठीवरची ती पॅरासिटामॉलची ओळ मी खोडून सही केली, ती सासूबाईंनी दोनदा वाचायला लावली.