घटस्फोटानंतर माहेरचं नाव: डिक्रीत ती एक ओळ लिहून घ्या

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

नमस्कार. विषय तुम्हाला माहितीच आहे, घटस्फोटानंतर माहेरचं नाव परत लावायचं तर कुठल्या कागदावर ते आलंच पाहिजे. कागदांची यादी मी देणार आहे, पण त्याआधी मला एक गोष्ट सांगायचीय जी मी फॅमिली कोर्टात इतकी वर्षं बघतेय आणि जिच्यामुळे बायकांचे महिनेच्या महिने जातात. ती अशी की घटस्फोटाची डिक्री फक्त लग्न संपलं एवढंच सांगते, नाव बदललं असं ती सांगत नाही.

हे ऐकायला साधं वाटतं पण खोलीतल्या निम्म्या बायकांना आत्ता धक्का बसला असेल, चेहऱ्यांवर दिसतंय मला. आपण धरून चाललेलो असतो की डिक्री हातात आली की सगळीकडे ती दाखवायची आणि नाव बदलून मिळतं. काही ठिकाणी मिळतंही. पण नीट बघा डिक्रीत काय असतं. वर दोघांची नावं, याचिकाकर्ती क्रमांक एक आणि याचिकाकर्ता क्रमांक दोन, त्यात बाईचं नाव सासरचं, कारण अर्ज केला तेव्हा आधारवर तेच होतं. खाली लिहिलेलं असतं की अमुक तारखेला झालेला विवाह हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली विसर्जित करण्यात येत आहे. संपलं. माहेरचं नाव अख्ख्या कागदावर कुठेच नाही!

उदाहरण घेऊ, नाव आपलं काल्पनिक. समजा सीमा रमेश पवार लग्नानंतर सीमा अनिल शिंदे झाली. आपल्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही हे लक्षात घ्या, मधलं नावही वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, म्हणजे तीनातले दोन शब्द बदलतात. तिची डिक्री सीमा अनिल शिंदे या नावाची. आता ती बँकेत जाऊन म्हणते की मला सीमा रमेश पवार करा. समोरचा माणूस डिक्री दोनदा वाचतो आणि विचारतो, मॅडम, ही सीमा पवार कोण?

अशी एक बाई माझ्याकडे आली होती, खूप चिडलेली. बँकेवाल्यांनी माझा अपमान केला म्हणाली, बाईला मुद्दाम अडवतात म्हणाली. मी तिचे कागद मांडून बसले आणि मला तिला सांगावं लागलं की ताई, तो माणूस चुकला नाहीये. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमात असं आहे की ओळखपत्र दिल्यानंतर नाव बदललं असेल तर ते ओळखपत्र चालतं, पण सोबत राज्य सरकारने दिलेलं लग्नाचं सर्टिफिकेट किंवा राजपत्र, म्हणजे गॅझेट, हवं. शब्द नीट ऐका, लग्नाचं सर्टिफिकेट किंवा गॅझेट. घटस्फोटाची डिक्री त्या वाक्यात नाहीच. म्हणजे नाव बदलून सासरचं करताना नियम तुमच्यासाठी दार उघडून उभा असतो आणि परत माहेरचं करताना मात्र तुम्हाला आणखी एक कागद काढायला लावतो. माझी तक्रार त्या खिडकीतल्या माणसाबद्दल नाही, या नियमाबद्दल आहे, आणि ती मी जाईन तिथे मांडते. लग्नाने बदललेल्या नावाला एक कागद पुरतो तर घटस्फोटाने बदललेल्या नावाला कोर्टाची डिक्री का पुरू नये?

त्या बाईचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण त्यातच खरी शिकवण आहे. आम्ही तिचं लग्नाचं सर्टिफिकेट शोधायला लागलो. ते तिने फाडून टाकलं होतं! रागाच्या भरात, डिक्री मिळाली त्या दिवशी. आणि मला अक्षरशः कपाळावर हात मारावासा वाटला, कारण लग्नाच्या सर्टिफिकेटवर वधूचं नाव बहुतेकदा माहेरचंच असतं आणि नवऱ्याचं नावही तिथेच असतं. म्हणजे सीमा रमेश पवारचं लग्न अनिल शिंदेशी झालं हे सांगणारा तो कागद, आणि अनिल शिंदेची बायको असलेल्या सीमाचा घटस्फोट झाला हे सांगणारी डिक्री, दोन्ही शेजारी ठेवले की साखळी जुळते. म्हणून हात जोडून सांगते, लग्नाचं सर्टिफिकेट फाडू नका, आवडत नसेल तर माळ्यावर टाका पण ठेवा. तिने शेवटी रजिस्ट्रारकडून त्याची नवी प्रत काढली, ती निघते.

तर माझा जो मुख्य मुद्दा आहे तो हा. ज्यांचा घटस्फोट अजून व्हायचाय, विशेषतः संमतीने होणार आहे, त्यांनी वकिलाला आजच सांगा की दोन गोष्टी करा. एक, अर्जाच्या शीर्षकातच नाव असं लिहा: सीमा अनिल शिंदे ऊर्फ सीमा रमेश पवार, लग्नाआधीचं नाव. दोन, कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटींच्या कागदात, एक कलम घाला की याचिकाकर्ती क्रमांक एक यापुढे सीमा रमेश पवार हे नाव वापरेल आणि त्याला दुसऱ्या पक्षाची हरकत नाही. पोटगी, दागिने, मुलांचा ताबा यावर पंधरा कलमं असतात, त्यात हे सोळावं. कन्सेंट टर्म्स डिक्रीचा भाग होतील एवढं बघा आणि सर्टिफाइड कॉपी घेताना त्या जोडलेल्या आहेत ना ते नक्कल विभागाच्या खिडकीपाशीच उभं राहून तपासा, घरी येऊन नाही. कॉपी दोन-तीन घ्या, एक कुठेतरी जमा होऊन अडकतेच.

मध्येच कुणीतरी हात वर केलाय, हो, डिक्री आधीच झाली असेल तर काय. तर नंतर कोर्टात जाऊन तेवढी ओळ घाला म्हणता येईल का? स्पेलिंग चुकलं असेल तर कोर्ट दुरुस्त करतं, ती लिखाणातली चूक असते. पण जी मागणी तुम्ही केलीच नव्हती ती चूक म्हणून घालून घेणं अवघड आहे, त्या नादी लागू नका. सरळ महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्या, अर्ज ऑनलाइन होतो. त्यात जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं, आणि हाच तो कागद जो बँकेच्या नियमात नाव घेऊन लिहिलेला आहे. नुसतं नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट घेऊन लोक फिरतात, ते बँकेत पुरेलच असं धरू नका.

गॅझेटला द्यायचं नाव मात्र दहावीच्या मार्कशीटशी अक्षर अन् अक्षर जुळवून द्या. इंग्रजीत Pawar की Powar, सीमाला i की दोन e, हे तिथेच ठरतं आणि पुढे सगळे कागद त्याच्यावर चढतात.

आता संयोजक घड्याळ दाखवतायत, म्हणजे जे ऐकायला तुम्ही आलात ते मला भराभर सांगावं लागणार, माफ करा.

आधी आधार. कारण पुढच्या बऱ्याच ठिकाणी नाव आधारशी ताडून बघतात. आणि इथे मोठी मेख आहे, आधारवर नाव आयुष्यात फक्त दोनदा बदलता येतं. ज्या बाईने लग्नानंतर एकदा बदललंय तिची ही दुसरी आणि शेवटची वेळ, यानंतर स्पेलिंग जरी सुधारायचं झालं तरी अपवाद म्हणून रीजनल ऑफिसपर्यंत जावं लागतं. म्हणून सेंटरवरच्या माणसाने स्क्रीनवर काय टाइप केलंय ते पावतीवर सही करण्याआधी वाचा, घाई असली तरी वाचा. आणि पत्त्याच्या सुरुवातीला नवऱ्याचं नाव C/O म्हणून बसलेलं असतं ते बहुतेक जणी विसरतात, ते पत्त्यातून काढायचं असतं, नावातून नाही.

मग पॅन. नंबर तोच राहतो, फक्त दुरुस्तीचा अर्ज. पॅनवर बहुतेकदा वडिलांचंच नाव असतं, नवऱ्याचं कधीच नव्हतं, त्यामुळे तिथे एकच गोष्ट बदलायचीय. पॅन झालं की बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड, आणि नोकरी असेल तर ऑफिस आणि पीएफ. पीएफला नाव आधारशी जुळावं लागतं म्हणून आधारच्या आधी तिथे जाऊच नका. बँकेत गेलात की त्याच फेरीत नॉमिनी बघा. घटस्फोट झाला म्हणून बँकेतलं किंवा विम्यातलं नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही, त्या माणसाचं नाव तिथे तसंच बसून असतं आणि याची आठवण कुणी करून देत नाही. जुन्या नावाचे चेक हातात असतील तर खात्याचं नाव बदलायच्या आधी भरून टाका.

मतदार यादीसाठी फॉर्म ८, रेशनकार्डावरून आधी त्या घरातून नाव कमी करून घ्यायचं, लायसन्स सवडीने.

बदलायचे नाहीत असे कागद: जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, डिग्री. यावर माहेरचंच नाव आहे, हेच तर तुमचे पुरावे. लग्नानंतर घेतलेली डिग्री सासरच्या नावाने असेल तर तीही राहू द्या, सोबत गॅझेट लावा. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं त्या वेळचं नाव आहे, ते त्या दिवशी खरं होतं, त्याला हात लावू नका. फ्लॅटचा जुना करार पुन्हा लिहिला जात नाही, विकताना नव्या करारात ऊर्फ म्हणून दोन्ही नावं घालतात. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर मात्र फेरफार करून घ्या, आत्ताच, विकायच्या वेळी नाही.

आणि कायदा कुणालाही नाव परत बदलायला लावत नाही बरं का, मुलांसाठी किंवा कामातल्या ओळखीसाठी सासरचं ठेवलं तर त्यात गैर काही नाही, फक्त अर्धे कागद इकडचे आणि अर्धे तिकडचे असं करू नका.

शेवटचं, पासपोर्ट. फ्रेश नाही, री-इश्यूचा अर्ज, त्यात नाव बदल आणि जोडीदाराचं नाव काढणं दोन्ही एकदमच टिक करा. नाव बदलायचं असेल तर डिक्रीची सर्टिफाइड कॉपी जवळ ठेवा, आणि ती ओळ त्यात असेल तर काम सोपं होतं. पासपोर्टचा नंबर बदलतो, आणि जुन्या पासपोर्टवर चालू व्हिसा असेल तर तो जुन्या नावाचाच राहतो, म्हणून त्या देशाच्या वकिलातीला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि काढाल तेव्हा नव्या पासपोर्टवर आहे त्याच नावाने काढा. बाकी प्रश्न आता चहाच्या वेळी, मी दाराशी थांबते.