पावसाळ्यात सुकणारा टॉवेल

[दृश्य : म्हापशाचा बाजार. दुकानाच्या फळीवर टॉवेलांच्या चळती.]

हाताला मऊ आणि जाडजूड लागला की टॉवेल पसंत पडतो. पण गोव्यात जुलैमध्ये तोच टॉवेल दुसऱ्या सकाळीही दमट असतो आणि चार दिवसांत त्याला कुबट वास यायला लागतो. म्हणून आधी वजन पाहायचं.

कापडाचं एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. लेबलवर ते नसेल, तर वजनकाटा आणि टेप पुरे.

[दृश्य : स्वयंपाकघरातल्या काट्यावर घडी घातलेला टॉवेल.]

हे दोन टॉवेल ७५ बाय १५० सेंटीमीटरचे, म्हणजे प्रत्येकी १.१२५ चौरस मीटर. एकाचं वजन ६७५ ग्रॅम, दुसऱ्याचं ४५०. भागाकार केला की पहिला ६०० जीएसएम, दुसरा ४००. काटा कोरड्या दिवसात लावावा. कापूस हवेतली ओल धरतो, त्यामुळे पावसात टॉवेल थोडा जास्तच भरतो.

आता दोन्ही धुऊन मशीनमध्ये सारखेच पिळले. कापडात उरणारं पाणी साधारण त्याच्या वजनाच्या प्रमाणात असतं. म्हणजे जाड टॉवेलमध्ये ते दीडपट, पण हवा लागते तो पृष्ठभाग तेवढाच. बाहेर हवेतच ओल भरलेली असताना ही दीडपट फार महागात पडते. अंग पुसायला ४०० जीएसएम भरपूर आहे.

[दृश्य : जवळून, टेरीचे उभे लूप.]

टेरी विणीत हे लूप पाणी ओढतात. लांब तंतूच्या कापसाचं सूत कमी पिळाचं असलं तरी टिकतं. सैल पिळात पाणी पटकन शिरतं आणि तंतू लांब असल्यामुळे ते कमी गळतात. ‘शंभर टक्के कॉटन’ एवढ्यावरून तंतूची लांबी मात्र कळत नाही.

नव्या टॉवेलवर पाण्याचा थेंब सोडा. तो मण्यासारखा उभा राहिला, तर बहुतेक वेळा वर मऊपणासाठी दिलेला लेप असतो. फॅब्रिक सॉफ्टनर न घालता कोमट पाण्यात दोनदा धुऊन पुन्हा थेंब टाका. तरीही मुरला नाही, तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. जळक्या कागदाचा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कापूस. वितळून कडक गाठ झाली, तर पॉलिस्टर. पॉलिस्टर लवकर सुकतं, पण पाणी कमी टिपतं.

ज्या घरात वारा खेळतच नाही, तिथे आम्ही वॉफल वीण निवडू. चौकोनी खळग्यांच्या या विणीत लूप नसतात. कापड हलकं, खळग्यांतून हवा फिरते. मात्र पहिल्या धुण्यात ते चांगलंच आटतं, म्हणून जरा मोठं घ्यावं. त्याहून साधा उपाय म्हणजे आपला पातळ पंचा. लगेच भिजतो, पण तासाभराच्या पंख्याखाली बराचसा सुकतो.

[दृश्य : दोन दांड्यांवर पसरलेला टॉवेल.]

टॉवेल एका दांडीवर दुहेरी टाकला की आतल्या बाजूला हवा लागत नाही. दोन दांड्यांवर पसरून वर पंखा लावावा. सुकला का, हे कडेच्या जाड पट्टीला हात लावून पाहावं. ती सगळ्यात शेवटी सुकते.