दोन पीपीटी समोर ठेवल्या, मग नेमकं काय बदललं?

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय. जुनी पीपीटी आणि नवी पीपीटी हातात आहे, साहेबांना 'काय बदललं' याची यादी हवी, तर करायचं काय? फोंड्याच्या एकांनी तर लिहिलंय, "Compare बटण आहे की, त्यात व्हिडिओ कसला करायचा?"

बटण आहेच. जुन्या फाइलची कॉपी उघडा, Review मध्ये Compare, नवी फाइल निवडा, Merge. कॉपीच उघडायची, कारण ते बदल त्याच फाइलमध्ये मिसळतात. त्याआधी दोन्हींची शीर्षकं एका कागदावर समोरासमोर लिहा आणि जोड्या लावा. नंबरावरून जोडू नका. मध्ये एक स्लाइड घातली की पुढचे सगळे नंबर सरकतात.

आता मुद्द्याचं. बटण तुम्हाला शब्द बदलले एवढं दाखवतं. म्हणणं बदललं की नाही, ते आपणच वाचायचं असतं.

आमच्या साखळीजवळच्या एका होमस्टेचं उदाहरण घेते. सहा खोल्या, कर्जासाठी बँकेला दाखवायची पीपीटी. जुन्या फाइलमध्ये चौथ्या स्लाइडवर होतं, 'पावसाळ्यात ४८ टक्के खोल्या भरल्या'. नवीत तीच स्लाइड पाचवी झाली आणि वर आलं, 'पावसाळ्यातही ७१ टक्के खोल्या भरलेल्या'. बहुतेक जण यादीत लिहितील, 'आकडा अपडेट केला'. मला याच ओळीचा राग येतो. अपडेट म्हणजे नवी माहिती आली. इथे नवी माहिती आलीच नव्हती! स्लाइडच्या तळाला बारीक अक्षरात जुनी टीप होती, 'जून ते सप्टेंबर, सर्व दिवस'. नवी टीप, 'जून ते सप्टेंबर, शनिवार-रविवार'. पाऊस तोच, पाहुणे तेच, मोजायचे दिवस तेवढे कमी केले. म्हणून आकडा बदललेला दिसला की आधी तळाची टीप वाचा, मग वर्ष, मग एकक. कशातला टक्का आहे, ते कळल्याशिवाय ओळ लिहू नका.

उलटही होतं. आकडा जागचा हलत नाही, पण वाक्य हलतं. 'पुढच्या वर्षी दोन खोल्या वाढवणार' याचं झालं होतं 'दोन खोल्या वाढवण्याचा विचार आहे'. दोन ते दोनच. पण आधी शब्द दिला होता, आता तो मागे घेतलाय. यादीत 'भाषा सुधारली' लिहिलंत तर बँकेतल्या माणसाला हे कधीच कळणार नाही.

आणि तिसरी गोष्ट, जागा. 'जोखीम' नावाची स्लाइड मला नव्या फाइलच्या छापील प्रतीत दिसली नाही, म्हणून मी यादीत 'काढली' लिहिलं. चवथीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट, घाई होती. प्रत्यक्षात ती लपवलेली होती. Slide Sorter मध्ये लपवलेल्या स्लाइडच्या नंबरावर तिरकी रेघ असते, ती मी पाहिलीच नाही. बँकेत फाइल उघडल्यावर ती स्लाइड बाजूच्या पट्टीत दिसली आणि होमस्टेवाल्या बाईंना उत्तर देताना अवघड झालं. ती चूक माझी, आणि तिचं मला अजून वाईट वाटतं. काढली, लपवली, शेवटी नेली: हे तीन वेगळे बदल आहेत, तीन वेगळे शब्द वापरा.

म्हणून माझ्या यादीत चार रकाने असतात. स्लाइड (जुना नंबर आणि नवा), जुना मजकूर जसाच्या तसा, नवा मजकूर जसाच्या तसा, आणि चौथ्यात एक वाक्य: 'आता म्हणणं काय झालं'. त्या पाचव्या स्लाइडपुढे मी लिहिलं, 'दावा वाढला. आधार सर्व दिवसांवरून सुट्टीच्या दिवसांवर आला'. जिथे खरंच फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंय, तिथे 'म्हणणं तेच' लिहायचं. रकाना रिकामा सोडलात तर बघणाऱ्याला वाटतं, तुम्ही तपासलंच नाही.

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय, स्क्रीनशॉट चिकटवलेल्या तक्त्याचं काय? त्यातले आकडे बटणाला वाचता येत नाहीत. चित्र बदललं एवढंच कळेल. दोन्ही मोठे करून बोट ठेवून ओळीओळीने वाचायचे, दुसरा उपाय नाही.

शेवटी नोट्स. स्लाइडखाली बोलणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं ना, ते. त्या होमस्टेच्या नव्या फाइलमध्ये पाचव्या स्लाइडच्या नोट्समध्ये अजून होतं, 'सांगताना ४८ टक्क्यांवर भर द्यावा'. भिंतीवर ७१ आणि तोंडात ४८. यादीची शेवटची ओळ मी तीच लिहिली: 'नोट्समध्ये बदल नाही, करायला हवा'.