ट्रक कितव्या वर्षी विकावा?

मंडळी, ट्रक कधी बदलायचा याची आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे हप्ते फिटले की. दुसरं म्हणजे गॅरेजचं बिल हप्त्याच्या वर गेलं की. दोन्हींत हप्ता आहे, आणि या प्रश्नाशी हप्त्याचा संबंधच नाही. हप्ता म्हणजे घेतलेलं कर्ज फेडायचं वेळापत्रक. रोखीनं गाडी घेतलेल्याचा ट्रक काही जास्त वर्षं टिकत नाही.

ट्रकचा खर्च दोन बाजूंनी होतो. बाजारातली किंमत उतरते, ही घट. ती सुरुवातीला जोरात असते आणि पुढे मंदावते. देखभालीचं उलटं असतं, ती दरवर्षी चढत जाते. गाडी लवकर विकली तर घटीचा मार बसतो, उशिरा विकली तर गॅरेजचा. मधे कुठेतरी वर्षाला पडणारी सरासरी सगळ्यात कमी असते, तेच वर्ष आपल्याला शोधायचंय.

शिरोली एमआयडीसीतून चाकणला कास्टिंग नेणारी एक दहाचाकी धरू. बॉडीसकट 32 लाखांची. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुमच्या वहीतले वेगळे असतील. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता मी यात घेतलेला नाही, कारण गाडी नवी असो वा जुनी, ते साधारण तेवढेच लागतात. टायरही बाहेर ठेवलेत. ते किलोमीटरवर झिजतात, गाडीच्या वयावर नाही. फळ्यावरचा तक्ता असा, सगळे आकडे लाखांत:

| वर्ष | घट | देखभाल | वर्षाचा खर्च | आजवरची सरासरी |
|---|---|---|---|---|
| 1 | 6.0 | 0.6 | 6.6 | 6.60 |
| 2 | 4.5 | 0.9 | 5.4 | 6.00 |
| 3 | 3.5 | 1.4 | 4.9 | 5.63 |
| 4 | 2.5 | 2.0 | 4.5 | 5.35 |
| 5 | 2.0 | 2.6 | 4.6 | 5.20 |
| 6 | 1.5 | 3.3 | 4.8 | 5.13 |
| 7 | 1.0 | 4.5 | 5.5 | 5.19 |
| 8 | 0.8 | 6.0 | 6.8 | 5.39 |

चौथा रकाना बघा. वर्षाचा खर्च चौथ्या वर्षी सगळ्यात कमी आहे आणि पाचव्यापासून वाढायला लागतो. बरेच जण तिथेच घाबरतात आणि गाडी काढतात. पण पाचव्या वर्षाचे 4.6 लाख हे आजवरच्या 5.35 च्या सरासरीपेक्षा कमीच आहेत, म्हणजे ते वर्ष सरासरी खालीच ओढतं. सहाव्याचे 4.8 सुद्धा 5.20 पेक्षा कमी. सातव्या वर्षी मात्र 5.5 लाख लागणार आणि सरासरी आहे 5.13. इथे थांबायचं. म्हणजे नियम एवढाच: येणाऱ्या वर्षाचा खर्च आजवरच्या सरासरीच्या वर जाणार असेल, तर ते वर्ष सुरू व्हायच्या आत गाडी विका. या तक्त्यात सहावं वर्ष संपलं की.

आता सातव्या वर्षाची गंमत बघा. पाच वर्षांचं कर्ज केव्हाच फिटलेलं, घट फक्त एक लाख. मालक म्हणतो, "गाडी आता फुकटात पळतीय." फुकटात पळणारी ही गाडी वर्षाला साडेपाच लाख खाते, आणि नवी घेऊन सहा वर्षं चालवली तर वर्षाला 5.13 पडले असते. फरक 37 हजारांचाच आहे म्हणून तो डोळ्याला दिसत नाही. आठव्या वर्षी तो 1.67 लाखांचा होतो, तेव्हा दिसतो.

वहीत न लिहिले जाणारे दोन खर्च अजून आहेत. पहिला ॲव्हरेजचा. गाडी वर्षाला 60 हजार किलोमीटर पळते, नवी असताना लिटरला 4 देते, जुनी झाल्यावर 3.8. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर 15,000 लिटरच्या जागी जवळजवळ 15,790 लिटर डिझेल लागतं. लिटरला 90 रुपये धरले तर हे वर्षाला 71 हजार झाले. म्हणून डिझेल बाहेर ठेवलं तरी ॲव्हरेज घसरल्यामुळे वाढलेलं डिझेल मात्र आत घ्यायचं. दुसरा खर्च खाड्यांचा. गॅरेजात वीस दिवस गाडी उभी राहिली आणि खर्च वजा जाता दिवसाला तीन हजार सुटत असतील, तर 60 हजार गेले. इथं एक जपा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा नव्या-जुन्या सगळ्याच गाड्या उभ्या होत्या. ते खाडे वयाच्या नावावर टाकायचे नाहीत.

हे दोन्ही मिळून पाचव्या वर्षी 60 हजार आणि सहाव्या वर्षी 1.3 लाख धरले, तर पाच वर्षांची सरासरी 5.32 होते आणि सहावं वर्ष 6.1 वर जातं. उत्तर सहावरून पाचावर आलं. पण व्याज उलट्या बाजूनं ओढतं. नव्या गाडीत 32 लाख अडकतात, सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला 13.5 लाखच. दरवर्षी सुरुवातीच्या किमतीवर 10 टक्के व्याज मिळवलं, तर पाच वर्षांची सरासरी 7.58 येते आणि सहाव्या वर्षाचा खर्च 7.45. उत्तर पुन्हा सहावर. पाच की सहा यावर भांडण्यात अर्थ नाही, कारण सरासरीत फरक दोन-अडीच हजारांचा आहे. तळ असा सपाट असतो. भाव चांगला आला तर वर्षभर आधी काढा, ऊस हंगाम तोंडावर असेल तर तेवढा हंगाम काढून घ्या. नुकसान होतं ते दोन-तीन वर्षं चुकल्यावर.

हा नियम फसतो दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे नवी गाडी जुनीसारखीच असेल असं आपण गृहीत धरतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. गाडी महागली, त्यात युरियाचं पाणी भरावं लागतं, सेन्सर वाढले. तेव्हा बीएस-4 गाडीच्या येणाऱ्या वर्षाची तुलना तिच्याच जुन्या सरासरीशी करू नका. आज मिळणाऱ्या नव्या गाडीचा तक्ता मांडा आणि त्यातल्या सगळ्यात कमी सरासरीशी करा.

दुसरं ठिकाण इंजिन काम. देखभाल दरवर्षी चढतच जाते तोवर एकेक वर्ष बघून चालतं. सहाव्या वर्षाअखेर तीन लाखांचं इंजिन काम निघालं, आणि ते केल्यावर पुढची तीन वर्षं देखभाल 2.5, 3 आणि 3.8 लाख लागेल असं मिस्त्री सांगतो. घट 1, 0.8 आणि 0.7. खाडे आणि व्याज बाजूला ठेवू. फक्त सातवं वर्ष बघितलं तर 6.5 लाख, म्हणजे विका. दोन वर्षं मिळून 10.3, वर्षाला 5.15, जवळजवळ नव्या गाडीइतकेच. तीन वर्षांचे 14.8, म्हणजे वर्षाला 4.93. ते 5.13 पेक्षा कमी, म्हणजे ठेवा. अशा वेळी पुढची दोन-तीन वर्षं एकत्र धरूनच सरासरी काढायची, आणि आधीच्या दुरुस्तीवर किती घातले हे त्यात आणायचं नाही. ते पैसे गेलेच.

यावरून कळेल की सगळ्यात महागात काय पडतं. गणपतीच्या आधी तीन लाख घालून इंजिन उघडायचं आणि दिवाळीला गाडी विकायची. घेणारा त्या तीन लाखांतले फार तर थोडे भावात धरतो. काम करायचं तर तीन वर्षं चालवायच्या तयारीनं करा. विकायचीच असेल, तर इंजिन उघडायच्या आधी विका आणि घेणाऱ्याला तसं सांगून भाव ठरवा.