पंधरा सेकंदांत किती?

(दृश्य : तळजाई टेकडी, पहाट. सहकारनगरच्या बाजूचा चढ. गिरिपुष्पाच्या झाडांमधली पायवाट. सपाटीवर थांबलेला ज्येष्ठांचा गट.)

निवेदन : पुण्यातली तळजाई टेकडी. ज्येष्ठांचा हा चालण्याचा गट रोज याच वेळी चढाला लागतो. आज मात्र सगळे खाली सपाटीवरच थांबलेत. गटप्रमुख ताईंनी प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढं एक कोरं कार्ड दिलंय. परत येईपर्यंत त्यावर प्रत्येकाच्या नाडीचे आपापले आकडे उतरलेले असतील. त्यासाठी लागणार आहेत दोन बोटं आणि सेकंदकाटा असलेलं एक घड्याळ.

(दृश्य : मनगटाचा क्लोज-अप. सुरकुतलेली कातडी, त्यावर फिरणारी बोटं.)

निवेदन : तळहात वर करायचा. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या घडीच्या जरा खाली हाड लागतं. त्या हाडावरून बोटं मनगटाच्या मध्याकडे हळूच सरकवली की दोरीसारखा ताठ स्नायुबंध लागतो. हाड आणि स्नायुबंध यांच्या मधल्या खोबणीत नाडी असते.

ताई : तर्जनी आणि मधलं बोट. अंगठा नाही हं, काका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ती मध्येच लागते आणि आपण आपल्याच अंगठ्याचे ठोके मोजत बसतो.

निवेदन : पहिली चूक अंगठ्याची, दुसरी जोराची. नाडी लागत नाही म्हणून बहुतेक जण बोटं आणखी दाबतात आणि त्या दाबाने तीच शीर बंद होते. या काकूंच्या बोटांकडे पाहा. नखं पांढरी पडली आहेत. ताई त्यांची बोटं जरा उचलतात, अगदी कातडीला टेकतील इतकीच, आणि काकूंचा चेहरा बदलतो.

(दृश्य : काकूंचा चेहरा. इथे निवेदन थांबू द्यावं.)

निवेदन : मानेवरची नाडी शोधायला सोपी असते, ठोकाही मोठा लागतो. पण या वयाच्या माणसांना ताई ती मोजू देत नाहीत. जबड्याखाली ज्या जागी बोट ठेवतो, तिथेच रक्तदाबावर लक्ष ठेवणारे मज्जातंतू असतात. तिथे दाब पडला की काहींच्या हृदयाची गती एकदम उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय ठोके उतरल्यामुळे आलेला आकडाही खोटाच.

(दृश्य : बाकावर बसलेली माणसं. कुणी बोलत नाही.)

निवेदन : पहिला आकडा बसल्या जागी घ्यायचा. पाच मिनिटं शांत बसायचं, मग पूर्ण एक मिनिट मोजायचं. चहाच्या आधी, कारण चहाने ठोके वाढू शकतात. मोजणी जोडीने चालते. एकाने घड्याळ बघायचं, दुसऱ्याने फक्त मोजायचं. घड्याळवाला ‘सुरू’ म्हणाला की त्यानंतर लागलेला पहिला ठोका एक, पुढचा दोन. ‘थांबा’ ऐकलं की मोजणं बंद. दोन्ही कामं एकट्याने करायला गेलं की वाचायचा चष्मा हवा, काटा हवा, बोटं जागेवर हवीत, आणि यातलं काहीतरी एक निसटतंच.

मोजताना ठोके सारख्या अंतराने येतायत ना, इकडेही लक्ष ठेवायचं. अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखं वाटलं तर तो आपल्या मनाने भरून काढायचा नाही, लागले तेवढेच मोजायचे. पण अंतराचा काही मेळच बसत नसेल, दोन लगोलग, मग खंड, मग तीन, तर कार्डावर आकडा न लिहिता आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढायचा. अशा नाडीत हृदयाचे सगळेच ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे मोजलेला आकडा कमी भरतो.

(दृश्य : कार्डावर पेनने आकडेमोड. कॅमेरा जवळ.)

निवेदन : या आजोबांचं वय ६८. बसल्या जागी ठोके आले ७२. त्यांचं गणित ताई मोठ्याने सोडवतात.

ताई : २२० मधून वय वजा करा. १५२. तुमचं हृदय साधारण एवढ्यावर पोचेल, हा अंदाज. त्यातून बसल्या जागचे ७२ काढा. राहिले ८०. ही तुमची शिल्लक. आपण चालायला निघालोय, शर्यतीला नाही. म्हणून शिलकेतले चाळीस ते साठ टक्केच वापरायचे. ८० चे चाळीस टक्के ३२, साठ टक्के ४८. दोन्हींत ७२ मिळवा.

निवेदन : खालची हद्द १०४, वरची १२०. हे झाले एका मिनिटाचे. पण चालून थांबल्यावर अख्खं मिनिट मोजून उपयोग नाही. पाय थांबताच ठोके उतरायला लागतात आणि मिनिट संपेपर्यंत आपण भलताच आकडा धरलेला असतो. म्हणून चालताना पंधरा सेकंदच मोजायचे. १०४ भागिले चार, २६. १२० भागिले चार, ३०. आजोबांच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत एवढंच उतरतं : २६ ते ३०. टेकडीवर चाराने गुणत बसायची गरज उरत नाही.

पंधरा सेकंदांच्या मोजणीची एक मर्यादा ताई लगेच सांगतात. त्यात एक ठोका चुकला की मिनिटामागे चारांचा फरक पडतो. म्हणून ३० च्या जागी ३१ आले तर घाबरून जायचं नाही, दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. २२० चं सूत्रही सरासरीचं आहे. एखाद्याचं हृदय त्याहून दहाबारा ठोके वर किंवा खाली असू शकतं. कार्डावरच्या आकड्याला दुसरी साक्ष लागते ती यासाठी.

(दृश्य : चढ. चार जण चालताहेत, एक काका मोठ्याने पाढा म्हणताहेत.)

निवेदन : ही ती दुसरी साक्ष. चालता चालता सतराचा पाढा म्हणायचा. ज्यांना पावकी-दीडकी येते त्यांनी ती म्हणावी. तीनचार घरं एका दमात म्हणता आली तर चाल बेताची आहे. दर घराला श्वास घ्यावा लागला तर चाल जास्त झाली, मनगटावर काहीही येवो.

(दृश्य : एक कार्ड. त्यावर आकडा नाही, ‘पाढा’ असं लिहिलंय.)

निवेदन : गटातल्या काही कार्डांवर आकडाच नाही. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी यांपैकी एखादी गोळी चालू असेल, तर ती गोळी ठोके वाढूच देत नाही. माणूस धापा टाकत असतो आणि नाडी मात्र ९५. त्याने २६ गाठायच्या हट्टाने चाल वाढवली तर ते धोक्याचं. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचंही तसंच. पेसमेकर असेल तरी हे सूत्र लागू होत नाही. या सगळ्यांनी पाढ्यावर चालायचं, आणि आकडा हवाच असेल तर तो आपल्या डॉक्टरांकडून घ्यायचा. आकड्यासाठी गोळी चुकवायची नाही.

(दृश्य : आजोबा चढावर. ताई शेजारी. घड्याळ.)

निवेदन : आता खरा चढ. चढ लागल्या लागल्या मोजून काही कळत नाही. पायांनी वाढवलेलं काम हृदयाच्या गतीत पुरतं उतरायला दोनतीन मिनिटं लागतात. पहिल्याच मिनिटाला मोजलं तर आकडा कमी येतो आणि माणूस निर्धास्त होऊन आणखी पाय उचलतो. म्हणून ताई तिसऱ्या मिनिटानंतर हाक देतात.

आजोबांनी बोटं ठेवली. पाय जागच्या जागी हलते ठेवलेत. पंधरा सेकंदांत ३४. मिनिटाचे १३६, म्हणजे वरच्या हद्दीपेक्षा १६ जास्त. आजोबा म्हणतात, ‘मला तर काहीच होत नाहीये.’

ताई : म्हणूनच मोजलं, आजोबा. होईपर्यंत थांबायचं नसतं. आता पाऊल अर्धं टाका. थांबू नका.

निवेदन : या ‘थांबू नका’ला कारण आहे. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. भरात असताना एकदम उभं राहिलं की ते ढकलणं बंद पडतं, रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. वेग कमी करायचा तो पाऊल आखूड करून. चढ सोडून आडव्या वाटेला लागता आलं तर उत्तम. हातात वजन असेल तर ते दुसऱ्याकडे द्यायचं.

आजोबा दोन मिनिटं आखूड पावलांनी चालले. पुन्हा मोजलं, २९. हद्दीत आले. उरलेला चढ त्यांनी याच चालीने चढायचा.

मागून एक काकू येतात. त्यांचे भरले २५, आणि त्या खूश आहेत. पण कॅमेऱ्यात दिसतंय ते ताईंनीही पाहिलंय. थांबल्यावर पर्समधून चष्मा काढण्यात अर्धं मिनिट गेलं. तेवढ्यात ठोके उतरले. हा आकडा चढाचा नाही, विश्रांतीचा आहे. पुढच्या थांब्याला चष्मा गळ्यात.

(दृश्य : स्मार्टवॉच बांधलेलं मनगट.)

निवेदन : एका काकांच्या स्मार्टवॉचवर आलेत ११२, बोटांनी आलेत २३, म्हणजे ९२. पट्टा सैल आहे. सैल पट्ट्याचं घड्याळ कधीकधी हाताच्या झोक्यालाच ठोके समजतं आणि मिनिटाला पडणारी पावलंच नाडी म्हणून दाखवतं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, घट्ट बांधायचा आणि अधूनमधून बोटांनी ताळा घ्यायचा.

छातीवर दडपण, जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, न पेलणारी धाप : यात नाडी मोजत बसायचं नाही. खाली बसायचं, सोबत्याला सांगायचं आणि १०८ ला फोन. मधुमेह्यांना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती धाप किंवा मळमळ होऊ शकते, तेव्हाही हेच.

(दृश्य : उतार. सपाटी. सावकाश चालणारा गट.)

निवेदन : शेवटची पाच मिनिटं सपाटीवर, रमत चालायचं. या चालीला लागताना एकदा मोजायचं आणि बरोबर एका मिनिटाने पुन्हा. मिनिटामागे बारापेक्षा जास्त ठोके उतरायला हवेत, म्हणजे पंधरा सेकंदांच्या मोजणीत चार तरी. एखाद्या दिवशी तीनच उतरले तर तो मोजणीचा फरक असू शकतो. दिवसामागून दिवस तेच येत राहिलं तर कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

(दृश्य : कार्डाच्या मागच्या बाजूला तारखांचे रकाने.)

निवेदन : कार्डाच्या मागे रोज उठल्यावरचे ठोके लिहायचेत. आजोबांचे नेहमी ७२ च्या आसपास असतात. ते ज्या दिवशी ८२ च्या वर भरतील, त्या दिवशी आदल्या रात्री झोप झालेली नसेल, पाणी कमी पडलं असेल किंवा अंगात ताप येऊ घातला असेल. ताप असेल तर घरीच राहायचं. नसेल तर यायचं, पण चढाकडे न वळता खालच्या सपाट रस्त्यावर पाढ्याच्या चालीने चालायचं.