उंची किती, यापेक्षा वाढतेय किती?

नमस्कार श्रोतेहो. मुलाची उंची वयाच्या मानाने ठीक आहे ना, एवढं आपण पाहतो. पण वाढ मंदावलेलं मूल पुढची दोन वर्षंसुद्धा वर्गातल्या इतरांइतकंच उंच दिसू शकतं, कारण आजची उंची ही आधीच्या सगळ्या वर्षांची जमा असते. आत्ता काय चाललंय हे कळतं ते वेगावरून, म्हणजे वर्षाला किती सेंटिमीटर वाढ होते यावरून.

हा वेग वयाप्रमाणे बदलतो. पहिल्या वर्षात बाळ साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात 10 ते 12. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत वेग बऱ्यापैकी स्थिर असतो, वर्षाला 5 ते 6 सेंटिमीटर. आज मी याच मधल्या वर्षांबद्दल बोलणार आहे, कारण इथली घसरण सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते.

एक उदाहरण घेऊ. सात वर्षांची मुलगी. 4 जुलै 2023 रोजी उंची 122.1 सेंटिमीटर. 9 मे 2024 रोजी 125.2. वाढ झाली 3.1 सेंटिमीटर, पण मधले दिवस 310, पूर्ण वर्ष नव्हे. म्हणून 3.1 ला 365 ने गुणायचं आणि 310 ने भागायचं. उत्तर येतं वर्षाला सुमारे 3.6 सेंटिमीटर. पुढची नोंद 14 मे 2025 ची, 128.1. या वेळी 370 दिवसांत 2.9 सेंटिमीटर, म्हणजे वेग वर्षाला 2.9 च्या आसपास. तिची उंची अजूनही तिच्या वयाच्या सामान्य पट्ट्यातच आहे. पण सलग दोन वर्षं वेग 4 च्या खाली आहे, आणि तोही उतरता. त्यात याच काळात तिचं वजन भराभर वाढत असेल, तर संशय आणखी बळावतो. नुसत्या जास्त खाण्याने लठ्ठ होणारी मुलं सहसा उंचीलाही चांगली वाढतात. वजन वर आणि उंची थबकलेली, अशी जोडी दिसली की पहिल्यांदा थायरॉइड तपासायला हवी.

आता यातली चूक कुठे होते ते सांगतो. नीट मोजलं तरी दोन मोजमापांत मिळून अर्ध्या सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. तीन महिन्यांनी मोजून आलेल्या आकड्याला चारने गुणलं, की ती चूकही चारपट होऊन 2 सेंटिमीटर होते. चांगलं वाढणारं मूल खुंटलेलं वाटेल, किंवा खुंटलेलं मूल चांगलं वाटेल. म्हणून दोन नोंदींत निदान सहा महिने हवेत, वर्ष असेल तर उत्तम. वाढ ऋतूप्रमाणेही थोडी कमीजास्त होते. पूर्ण वर्षात ते भरून निघतं.

दुसरं, उंची सकाळी सर्वांत जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत जवळजवळ एक सेंटिमीटरने उतरते, कारण मणक्यांमधल्या चकत्या दबतात. पहिली नोंद सकाळची आणि दुसरी संध्याकाळची असेल, तर वर्षाच्या वाढीतला मोठा हिस्सा कागदावरच गायब होतो. वेळ एकच ठेवा. मूल अनवाणी, वेणी किंवा अंबाडा सोडलेला, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर सरळ समोर. डोक्यावर सपाट काटकोनी ठोकळा ठेवून खूण करा, तीनदा मोजा आणि सरासरी तारखेसकट लिहा. लहान बाळाची लांबी झोपवून मोजतात. ती उभ्या उंचीपेक्षा सुमारे पाऊण सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून दोन्ही आकडे एका हिशेबात घेऊ नयेत.

वेग कमी दिसला म्हणजे आजार आहेच असं नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल आईवडिलांच्या उंचीकडे सरकताना आलेखावर खाली येतं, ते बहुधा स्वाभाविक असतं. उशिरा वयात येणाऱ्या मुलांची वाढ वयात येण्याआधी काही काळ रेंगाळते. पण चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी वर्षाला 4 पेक्षा कमी वेग नीट मोजून आला असेल, तर "पुढे वाढेल" म्हणत आणखी वर्ष घालवू नका. थायरॉइडखेरीज गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा सीलिअॅक आजार, मूत्रपिंडाचा जुना विकार, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड औषधं, वाढीच्या संप्रेरकाची कमतरता, अशी कारणं निघतात. मुलींमध्ये टर्नर सिंड्रोमसाठी, म्हणजे एक X गुणसूत्र जन्मतः नसणं किंवा अपुरं असणं यासाठी, गुणसूत्रांची तपासणी करतात, कारण काही मुलींमध्ये दुसरं लक्षणच दिसत नाही. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली आहेत ते, कळतं, पण नुसत्या त्यावरून आजार ठरत नाही.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या सगळ्या नोंदी तारखांसकट न्या, आईवडिलांची उंची मोजून न्या आणि चालू औषधं लिहून न्या. मंदावलेल्या वाढीबरोबर सतत डोकेदुखी, सकाळी उलट्या, नजर कमी होणं किंवा खूप तहान आणि वारंवार लघवी असेल, तर पुढच्या मोजमापाची वाट पाहू नका. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीजवळच्या गाठीची ही लक्षणं असू शकतात, तेव्हा मुलाला लगेच दाखवा.