सलाईनचे थेंब आणि प्रश्नपत्रिका

(नर्सिंगच्या शिक्षिकांसाठी झालेल्या कार्यशाळेतील व्याख्यान, संपादित)

मैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांच्या हाताला एक सवय आहे. मॉड्यूल शिकवून झालं की प्रश्नसंचाची फाईल उघडायची आणि गेल्या वर्षीचे प्रश्न थोडे फिरवायचे. शेवटी तक्ता भरताना प्रत्येक प्रश्नासमोर एखादं उद्दिष्ट चिकटवून द्यायचं. मीही कैक वर्षं तेच केलं. आज याची उलटी बाजू दाखवायची आहे: आधी निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलगी काय करून दाखवेल ते लिहायचं, आणि मग त्यावरून प्रश्न काढायचा. त्यासाठी एकच मॉड्यूल घेते, शिरेतून द्रव देण्याचं. आपल्या भाषेत, सलाईनचं.

अभ्यासक्रमात उद्दिष्ट साधारण असं असतं: ‘विद्यार्थिनीला शिरेतून द्रव देण्याच्या उपचाराचं ज्ञान व्हावं.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण ते ज्ञान झालंय की नाही हे मी बघू कसं? एका मुलीने सलाईनचे प्रकार पाठ म्हणून दाखवले, दुसरीने धार नीट लावली. दोघींनाही ज्ञान झालं म्हणता येतं. म्हणजे या वाक्यावरून कुठलाही प्रश्न काढता येतो, आणि कुठला प्रश्न चुकीचा आहे हेही कळत नाही.

रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली मांडलेली तीन अंगांची रीत इथे अजूनही कामाला येते. विद्यार्थिनी नक्की काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती अचूक केलं म्हणजे चालेल. पहिलं अंग आपण आता लिहितो, कारण क्रियापदांच्या याद्या सगळ्यांकडे आहेत. ‘समजून घेईल’ खोडून ‘विश्लेषण करेल’ लिहिलं की काम झालं असं वाटतं. खरी मजा उरलेल्या दोन अंगांत आहे.

आमच्याकडे पहिला मसुदा असा झाला: ‘थेंबांचा वेग काढेल.’ मग विचारलं, हातात काय असताना? डॉक्टरांची ऑर्डर आणि सेटचं पाकीट, एवढंच. सूत्र लिहून द्यायचं का? नाही, वॉर्डात ते कुणी लिहून देत नाही. एका मिलीत किती थेंब, तो आकडा द्यायचा का? तोही नाही, तो पाकिटावर छापलेला असतो, तिथून तिने शोधायचा. किती अचूक? जवळच्या पूर्ण थेंबापर्यंत. मग निष्पत्ती अशी उभी राहिली: ‘ऑर्डर आणि सेटचं पाकीट दिलं असता, सूत्र न देता, दर मिनिटाचे थेंब पूर्णांकात बरोबर काढेल.’

आता प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो. ५०० मिली नॉर्मल सलाईन ४ तासांत द्यायचं आहे, पाकिटावर २० थेंब म्हणजे १ मिली असं छापलंय. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. ४१.६७ येतात, म्हणजे ४२ थेंब. पण पर्यायी उत्तरं कुठून आणायची? पूर्वी मी ३८, ४०, ४२, ४५ असे शेजारचे आकडे टाकायची. त्यातून कुणाचं काय चुकलं हे कधीच कळायचं नाही. निष्पत्ती समोर असली की चुकीचे आकडे चुकांमधूनच निघतात. जी मुलगी १२५ म्हणते तिने ५०० ला फक्त ४ ने भागलं. तिचं उत्तर तासाच्या मिलीचं आहे. (गंमत म्हणजे ६० थेंबांच्या मायक्रो सेटवर १२५ हेच बरोबर उत्तर!) जी ३१ म्हणते तिने १५ थेंबांचा आकडा धरला, जो अमेरिकन पुस्तकांत सर्रास दिसतो; पाकीट वाचलंच नाही. जी २५०० म्हणते तिने तासाची मिनिटं केलीच नाहीत. अशा पेपरच्या उत्तरांवरून पुढच्या तासाला काय शिकवायचं ते ठरवता येतं.

एक सावधगिरी. हेच आकडे वर्गात फळ्यावर सोडवले असतील, तर ‘काढेल’ लिहूनही तुम्ही फक्त स्मरणशक्ती तपासताय. पातळी क्रियापदात नसते, मुलीने ते उदाहरण आधी पाहिलंय का यात असते.

दुसरी निष्पत्ती हाताची. ‘रोलर क्लॅम्प फिरवून ठरलेला वेग लावेल.’ किती अचूक? एकजण म्हणाली, ४२ च्या आजूबाजूला. आजूबाजूला म्हणजे किती, यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी ठरलं, दोन थेंब इकडे किंवा तिकडे. हा आमचा निर्णय होता. तुमचा वेगळा असू शकतो. पण तो ठरताच एक गोष्ट समोर आली जी इतकी वर्षं कुणाच्या लक्षात नव्हती. आम्ही मुलींना पंधरा सेकंद थेंब मोजून चारने गुणायला शिकवत होतो. पंधरा सेकंदांत दहा मोजले तर ४०, अकरा मोजले तर ४४. एका थेंबाच्या फरकाने उत्तर चारने हलतं, म्हणजे मोजणीत एकच थेंब इकडचा तिकडे झाला तर ती मर्यादेबाहेर जाऊ शकते. म्हणून निष्पत्तीत ‘पूर्ण एक मिनिट ड्रिप चेंबरकडे पाहून मोजून’ ही अट घालावी लागली, आणि मग शिकवणंही बदलावं लागलं. प्रश्न आधी लिहिला असता तर हे कधी दिसलं नसतं. शिवाय ही निष्पत्ती कागदावर मावतच नाही. ‘थेंबांचा वेग लावण्याची कृती लिहा, ५ गुण’ हा प्रश्न तिच्यासमोर मांडला, तर मुलगी उत्तम लिहील आणि क्लॅम्प मात्र उलटा फिरवेल.

तिसरं उदाहरण फसण्याचं. मी एकदा प्रश्न घातला होता: दोन तासांनी पाहिलं तर ३५० मिली शिल्लक आहे, आता काय कराल? हुशार मुलींनी लगेच हिशोब मांडला, ३५० गुणिले २०, भागिले १२०, म्हणजे ५८ थेंब, वेग वाढवा. गणित अचूक. मी गुण कापले, कारण स्वतःच्या मनाने वेग वाढवायचा नसतो. आधी सुईची जागा पाहायची, नळी दुमडली आहे का, हात वाकलाय का, रुग्णाचा श्वास कसा आहे, आणि इन्चार्ज सिस्टरला किंवा डॉक्टरांना कळवायचं. मुली भांडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. माझ्या लेखी निष्पत्तीत फक्त ‘वेग काढेल’ होतं. निर्णय घेणं मी मनात धरलं होतं, कागदावर नाही.

तेव्हा नवी ओळ घातली: ‘द्रव ठरल्यापेक्षा मागे पडलं असता, वेग वाढवण्याआधी काय तपासायचं आणि कुणाला कळवायचं ते क्रमाने सांगेल.’ असं मागे जाणं चालतं. पण मागे जाऊन निष्पत्ती दुरुस्त करा आणि ती मुलींना शिकवा. प्रश्न तसाच ठेवून तक्त्यात नाव बदलू नका.

हे सगळं केल्यावर वीस गुणांच्या चाचणीतले आठ गुण कागदावरून उठून प्रात्यक्षिकाकडे गेले. चाळीस मुली, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे दोनशे मिनिटं. चार स्टँड आणि प्रत्येकाशेजारी घड्याळ घेऊन मोजणारी एक शिक्षिका असली तर पन्नास. यावर्षी आम्हाला तीनच शिक्षिका मिळाल्या, त्यामुळे तास सव्वा तासाचा झाला.